चिन्ह बेल्टवर, कड सहा मिलिमीटर वर

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मला बोलावलं तेव्हा भागांची लांबी मोजणारा कॅमेरा बसवून तीन आठवडे झाले होते आणि त्याच्यावरचा सगळ्यांचा विश्वास उडाला होता. गुणवत्ता विभागातल्या काकांनी एक पोलादी पट्टी उचलली, माझ्यासमोर तिला व्हर्नियर लावलं आणि म्हणाले, "बघा मॅडम, १२०.१०. आता हीच तुमच्या कॅमेऱ्याखाली सोडतो." पट्टी बेल्टवरून गेली आणि स्क्रीनवर आकडा उमटला, १२१.१४. त्यांनी पुन्हा सोडली. १२१.१३. तिसऱ्यांदा १२१.१५.

मला बरं वाटलं. आकडा चुकीचा होता, पण दर वेळी एकसारखाच चुकत होता. अशा चुकीमागे एकच एक कारण असतं आणि ते शोधता येतं.

पट्टी सहा मिमी जाड पत्र्यातून प्रेसवर कापलेली होती. लांबी १२० मिमी, मुभा अधिक-उणे ०.४ मिमी. म्हणजे कॅमेऱ्याची चूक मुभेच्या अडीचपट होती आणि त्याच्या हिशेबाने लॉटमधली एकही पट्टी पास होत नव्हती. तीन आठवडे कॅमेरा सुरू ठेवून माणसं हातानेच तपासणी करत होती.

मांडणी साधी होती. बेल्टची रुंदी ३०० मिमी, वेग मिनिटाला १२ मीटर. वर साधारण ७०० मिमी अंतरावर पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, २४४८ गुणिले २०४८ पिक्सेल, एकेक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा, पुढे १६ मिमीची लेन्स. या मापांवरून बेल्टवर एका पिक्सेलखाली किती जागा येते ते काढता येतं. १६ मिमीला ०.००३४५ ने भागलं की ४६३८ पिक्सेल येतात, आणि ७०० ला ४६३८ ने भागलं की ०.१५१ मिमी. पूर्ण चित्रात सुमारे ३६९ मिमी रुंदी मावते, म्हणजे बेल्ट आणि दोन्ही बाजूंची थोडी चौकट.

०.१५ मिमीचा पिक्सेल पाहून काकांनी लगेच शंका काढली. एका पिक्सेलची चूक झाली तरी ०.१५ गेले, मग ०.४ कसं पकडणार? शंका रास्त आहे, पण कड एका पिक्सेलवरून ठरवत नाहीत. पट्टीची ६० मिमी रुंदीची कड चित्रात जवळजवळ ४०० पिक्सेल लांब दिसते. प्रत्येक ओळीत उजेड कुठे बदलतो ते पिक्सेलच्या अंशात शोधायचं आणि त्या सगळ्या बिंदूंमधून एक सरळ रेघ बसवायची. चांगल्या उजेडात ही रेघ पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकी स्थिर राहते. तीन वेळा सोडलेल्या पट्टीचे आकडे ०.०२ मिमीच्या आत आले होते, त्यावरून कड नीट सापडत होती हे उघड होतं. घोळ पिक्सेलचे मिमी करताना होत होता.

संदर्भचिन्ह कुठे होतं

आधीच्या माणसाने बेल्टच्या एका कडेला १०० मिमी लांबीची काळी-पांढरी पट्टी चिकटवली होती. बेल्टच्या प्रत्येक फेरीला ती कॅमेऱ्याखाली येई. सॉफ्टवेअर तिची पिक्सेलमधली लांबी मोजी, १०० ला त्या आकड्याने भागी आणि पुढच्या फेरीपर्यंत तेच प्रमाण वापरी. कल्पना चांगली आहे. चिन्ह समोर असेल तर कॅमेरा किती उंचीवर आहे, लेन्स कोणती आहे, काहीच माहीत असायची गरज नाही, असं वाटतं.

पण पिक्सेलला किती मिमी, हे एकट्या कॅमेऱ्यावरून ठरत नाही. त्याच्यासमोरच्या एका विशिष्ट पातळीपुरतंच ते खरं असतं. चिन्ह बेल्टच्या पातळीवर होतं, म्हणजे कॅमेऱ्यापासून ७०० मिमीवर. पट्टीची वरची कड मात्र बेल्टपासून सहा मिमी उंच, म्हणजे ६९४ मिमीवर. जवळची वस्तू मोठी दिसते. किती मोठी? ७०० भागिले ६९४, म्हणजे १.००८६ पट. १२०.१० ला १.००८६ ने गुणलं की १२१.१४ येतात. स्क्रीनवर तोच आकडा होता.

काकांना मी हा हिशेब त्यांच्याच रिजेक्शन स्लिपच्या मागे करून दाखवला. त्यांनी कॅल्क्युलेटरवर पुन्हा गुणून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे कॅमेरा खरंच बोलत होता. आपण त्याला खालची पट्टी दाखवून वरचं माप विचारत होतो."

मी येण्याआधी सुपरवायझरनी एक उपाय करून पाहिला होता. तो फार ठिकाणी करतात, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. व्हर्नियरने मोजलेली एक पट्टी घ्यायची, कॅमेऱ्याचा आकडा तिच्याशी जुळेपर्यंत गुणक बदलायचा आणि तो कायम करायचा. इथे गुणक आला ०.९९१४. त्या पट्टीपुरतं हे अगदी बरोबर आहे. ०.९९१४ म्हणजे ६९४ भागिले ७००, भूमितीने जो आकडा दिला असता तोच हाती लागला होता. पण तो कुठून आला हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो कुठवर चालेल हेही ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी त्याच लाइनवर दुसरा भाग आला. लांबी १५० मिमी, जाडी १० मिमी. दहा मिमी जाडीला वाढ होते ७०० भागिले ६९०, म्हणजे १५० चे १५२.१७ दिसतात. त्यांना ०.९९१४ ने गुणलं की १५०.८७. सगळा लॉट ०.८७ मिमीने मोठा ठरला आणि लाल दिव्याखाली जमा झाला. भाग उत्तम होते.

यातून एक तपासणी निघते आणि ती कुठल्याही बेल्टवर पाच मिनिटांत करता येते. एकच भाग आधी थेट बेल्टवर ठेवून मोजायचा, मग त्याच्याखाली माहीत असलेल्या जाडीचा ठोकळा ठेवून पुन्हा मोजायचा. आकडा वाढला तर यंत्रणा उंचीचा हिशेब करत नाही, आणि वाढीवरून चूक किती हेही कळतं. आमच्याकडे दर मिलिमीटरला १२० मिमीच्या पट्टीत ०.१७ मिमी चढत होते.

उंची टेपने मोजायची की चित्रातून

दुरुस्तीचं सूत्र एका ओळीचं आहे: खरी लांबी म्हणजे पातळीवरची लांबी गुणिले (Z − h) भागिले Z. इथे Z म्हणजे कॅमेऱ्यापासून त्या पातळीचं अंतर आणि h म्हणजे वस्तूची कड त्या पातळीच्या किती वर आहे ते. h ड्रॉइंगवरून मिळतो, Z मोजावा लागतो. तो टेपने मोजायला गेलं की प्रश्न पडतो, टेप कुठून लावायचा? लेन्सच्या काचेपासून, की मधल्या रिंगपासून? किरण ज्या बिंदूतून येतात असं भूमिती धरते, तो लेन्सच्या आत कुठेतरी असतो आणि बाहेरून दिसत नाही. टेपने आम्हाला ६८० मिळाले होते.

त्याऐवजी अंतर चित्रातूनच काढता येतं. कॅलिब्रेशनचा चौकटीचा बोर्ड बेल्टवर ठेवला आणि त्यावरच्या २०० मिमी अंतराचे पिक्सेल मोजले. बरेच कोपरे घेऊन सरासरी आली १३३०.८५. मग बोर्डाखाली २० मिमीचे घासून सपाट केलेले ठोकळे ठेवले आणि तेच अंतर पुन्हा मोजलं, १३७०.१६. फरक ३९.३१. वीस गुणिले १३७०.१६ भागिले ३९.३१ म्हणजे ६९७ मिमी.

हे ६९७ बोर्डाच्या छापील पृष्ठभागापर्यंतचं अंतर आहे. बोर्ड स्वतः तीन मिमी जाड, म्हणून बेल्टपर्यंत ७००. ही बोर्डाची जाडी फार जण विसरतात. बोर्ड बेल्टवर ठेवून कॅलिब्रेशन केलं की आपली शून्य पातळी बेल्टच्या तीन मिमी वर असते, आणि सहा मिमीच्या पट्टीची कड त्या पातळीपासून तीन मिमीच उंच असते. सूत्रात सहा टाकले की दुरुस्ती जास्त होते आणि पट्टी अर्ध्या मिलिमीटरने लहान दिसते.

टेपच्या ६८० ने काय बिघडलं असतं, तेही पाहिलं. सहा मिमीच्या पट्टीला जेमतेम ०.०३ मिमीचा फरक पडतो, म्हणजे तिथे टेप चालून गेला असता. पण भाग २५ मिमी उंच असता तर तीच वीस मिमीची चूक १२० मिमीत ०.१३ मिमी झाली असती. जाडी वाढत जाते तसा Z नीट मोजण्याला अर्थ येतो.

बोर्डाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आकड्यांत दिसत नाही. लेन्सचा वाकडेपणा काढण्यासाठी बोर्डाचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतात. सपाट बोर्डाचे असे फोटो पुरेसे आहेत, हे झेंगयू झांग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने दाखवलं आणि OpenCV मधलं calibrateCamera त्याच वाटेने जातं. आम्ही १८ फोटो घेतले. शेवटी जी सरासरी चूक मिळते ती ०.२ पिक्सेलच्या आसपास होती, म्हणजे उत्तम. पण कारखान्यात आधी वापरलेला बोर्ड ऑफिसच्या प्रिंटरवर छापला होता आणि छापताना 'पानात बसवा' हा पर्याय सुरू राहिला होता. २५ मिमीचे चौकोन प्रत्यक्षात २४.२ मिमीचे होते. त्या बोर्डावरही सरासरी चूक ०.२ च येते! सगळे चौकोन सारख्या प्रमाणात आकसले असतील तर गणिताला काहीही वावगं दिसत नाही. ते फक्त चौकोन एकमेकांशी जुळतात का तेवढंच पाहतं. त्या बोर्डावरून बेल्टचं प्रमाण काढलं असतं तर प्रत्येक माप तीन टक्क्यांहून जास्त वाढलं असतं. म्हणून बोर्ड कुठलाही असो, आठ-दहा चौकोनांचं एकूण अंतर आधी व्हर्नियरने मोजायचं आणि तेच सॉफ्टवेअरला द्यायचं. कागद पावसाळ्यात फुगतो, म्हणून आम्ही ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेला बोर्ड घेतला.

हे सगळं झाल्यावर मापाचा मुख्य भाग इतकाच उरतो:

```python
# edge_px: दोन कडांचे मध्यबिंदू, आकार (2, 1, 2), float32
p = cv2.undistortPoints(edge_px, K, dist, P=K)
q = cv2.perspectiveTransform(p, H_ref)   # बोर्डाच्या पातळीवरचे मिमी
L_ref = np.linalg.norm(q[0, 0] - q[1, 0])

dh = h - 3.0                             # बोर्डाची जाडी वजा
L = L_ref * (Z_ref - dh) / Z_ref         # Z_ref = 697
```

h हा भागाच्या क्रमांकावरून आपोआप घेतला जातो. ऑपरेटर भाग निवडते, गुणक निवडत नाही. एका ओळीचं हे सूत्र कॅमेरा बेल्टवर लंब असेल तरच बरोबर चालतं. तो लंब आहे का हे बोर्डावरूनच दिसतं: डावीकडचे आणि उजवीकडचे चौकोन, तसेच पुढचे आणि मागचे, पिक्सेलमध्ये सारखे आले पाहिजेत. कॅमेरा मुद्दाम तिरका लावावा लागत असेल तर ही सोपी वाट सोडून बोर्डाची पूर्ण स्थिती काढावी लागते आणि प्रत्येक जाडीची पातळी वेगळी मांडावी लागते.

मधे बरोबर, कडेला जास्त

उंचीचा हिशेब बसल्यावर पट्टी १२०.१० दाखवू लागली. काका अर्थात तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी तीच पट्टी बेल्टच्या अगदी उजव्या कडेला सरकवून सोडली. १२०.३५. डावीकडे सोडली, १२०.३७. मधे पुन्हा १२०.१०.

पाव मिलिमीटर म्हणजे मुभेचा अर्ध्याहून जास्त भाग. आधी मला लेन्सच्या वाकडेपणाचा संशय आला, कारण तो कडेलाच जास्त असतो. पण कडेला बोर्ड ठेवून पाहिला तर तो अचूक मोजला जात होता. बोर्ड बरोबर आणि पट्टी चूक, म्हणजे दोघांतला फरक शोधायचा. बोर्डावरचे चौकोन नुसते छापलेले, सपाट आहेत. पट्टीला भिंत आहे.

कॅमेरा मधोमध वर आहे. पट्टी बरोबर त्याच्याखाली असेल तर त्याला फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो, दोन्ही टोकांच्या उभ्या भिंती लपलेल्या असतात. पट्टी उजवीकडे सरकली, दोन्ही टोकं मध्यरेषेच्या एकाच बाजूला गेली, की मध्याकडच्या टोकाची उभी भिंत त्याला दिसू लागते. ती भिंत चमकत असेल तर सॉफ्टवेअर तिलाही पट्टीचाच भाग समजतं. मग एका टोकाला वरची कड धरली जाते आणि दुसऱ्या टोकाला बेल्टला टेकलेली खालची कड. ही भर किती, तेही काढता येतं: मध्याकडचं टोक मध्यरेषेपासून ३० मिमीवर होतं, ३० गुणिले ६ भागिले ६९४ म्हणजे ०.२६ मिमी. काकांचे कडेचे आकडे तेच सांगत होते.

हे गणिताने सुधारता येतं, पण मला ते पटत नाही. भिंत कधी चमकते, कधी तेलाने काळी पडते, आणि दुरुस्ती मात्र प्रत्येक वेळी लागू होते. मूळ दोष उजेडात होता. दिव्यांच्या दोन पट्ट्या बेल्टच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ पट्टीच्याच उंचीवर लावलेल्या होत्या. बाजूने येणारा प्रकाश थेट भिंतीवर पडत होता.

दिवे काढून वर नेले. कॅमेऱ्याभोवती, लेन्सपुरतं भोक ठेवलेली, दुधी ॲक्रिलिकची मोठी चौकोनी प्रकाशपाटी बसवली. आता वरचा सपाट पृष्ठभाग पाटीचा उजेड परत कॅमेऱ्याकडे पाठवतो आणि पांढरा दिसतो. भिंतीचं मात्र वेगळं होतं. कॅमेऱ्याची नजर वरून खाली येते, उभ्या भिंतीवर आदळते आणि तिथून वळून खालीच जाते, काळ्या बेल्टकडे. भिंत आरशासारखी असली तरी त्या आरशात बेल्टच दिसतो. भिंत काळी झाली, बेल्टमध्ये मिसळून गेली आणि कडेचे आकडे १२०.१२ आणि १२०.११ वर आले.

टेलिसेंट्रिक लेन्स घेतली असती तर उंची आणि भिंत हे दोन्ही प्रश्न मुळातच मिटले असते, कारण तिला सगळे किरण समांतर येतात. पण तिचं तोंड निदान मोजायच्या वस्तूएवढं रुंद लागतं. दीडशे मिमीच्या भागासाठी ती लेन्स कॅमेऱ्याच्या कितीतरी पट महाग पडते आणि त्या चौकटीत ती मावलीही नसती. वॉशरसारख्या छोट्या भागांना मी तीच सुचवेन.

याच दरम्यान चालत्या बेल्टचाही एक छोटा दोष निघाला. पट्टीची रुंदी बेल्टच्या दिशेने पडत होती, आणि बेल्ट थांबवून ती मोजली तर वेगळी, चालू असताना वेगळी येत होती. मिनिटाला १२ मीटर म्हणजे सेकंदाला २०० मिमी. कॅमेऱ्याचा उघडा काळ एक मिलिसेकंद होता, तेवढ्यात पट्टी ०.२ मिमी सरकत होती आणि दोन्ही कडा पुसट होत होत्या. दिवे झटक्यात पेटणारे केले, उघडा काळ ०.१ मिलिसेकंदावर आणला, आणि सरकणं ०.०२ मिमी उरलं. कॅमेरा पूर्ण चित्र एका क्षणी टिपणारा होता हे नशीब. ओळीमागून ओळ टिपणारा असता तर चालत्या वस्तूचा आकारच बदलून आला असता, आणि तो असा उघडा काळ कमी करून सुधारत नाही.

चिन्हाचं खरं काम

मग संदर्भचिन्ह काढून टाकायचं का? सुपरवायझरनी हे विचारलं तेव्हा मी नको म्हणाले. बेल्टवरची काळी-पांढरी पट्टी मात्र काढली. ती झिजत होती, तेलाने माखत होती आणि बेल्ट ताणला की तिची लांबीही बदलत होती. तिच्याऐवजी बेल्टच्या दोन्ही बाजूंच्या चौकटीवर, बेल्टच्याच उंचीवर, पांढऱ्या पत्र्यावर एकेक काळी चकती बसवली. दोन्ही चकत्यांमधलं अंतर ३३० मिमी. चित्रात ते जवळजवळ २१८६ पिक्सेल येतं. प्रत्येक भागाच्या चित्रात चकत्या असतातच, त्यामुळे प्रत्येक मापाबरोबर हे अंतरही नोंदवलं जातं.

या चिन्हावरून आता आम्ही मिमी काढत नाही. ते कॅलिब्रेशनने ठरलेले आहेत. चिन्ह सांगतं की कॅलिब्रेशनच्या दिवशी कॅमेरा जिथे होता तिथेच अजून आहे की नाही. अंतर एका पिक्सेलहून जास्त बदललं तर पिवळा दिवा लागतो, आणि चकत्यांमधलं अंतर तेच राहून दोन्ही चकत्या एका बाजूला सरकल्या तर कॅमेऱ्याला कुणाचा तरी धक्का लागलाय असं समजायचं.

महिन्याभराने एका सकाळी ऑपरेटर ताईंचा फोन आला, पिवळा दिवा विझत नाही म्हणून. अंतर ३.१ पिक्सेलने वाढलं होतं. २१८६ मध्ये ३.१ म्हणजे ०.१४ टक्के, आणि ७०० मिमीचे ०.१४ टक्के म्हणजे एक मिलिमीटर. कॅमेरा एक मिमी खाली आला होता. शेजारच्या प्रेसच्या हादऱ्यांनी ब्रॅकेटचा एक बोल्ट ढिला केला होता. आकडे ०.१७ ने मोठे येत होते, म्हणजे मुभेत पास होणारे काही भाग नापास होत असते आणि काही लहान भाग पास. चिन्हाशिवाय हे कळायला किती दिवस लागले असते सांगता येत नाही, कारण एवढा फरक नुसत्या नजरेला जाणवत नाही. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर टाकलं आणि कॅलिब्रेशन पुन्हा केलं.

पण चौकटीवरचं चिन्ह बेल्टबद्दल काही सांगत नाही. कॅमेऱ्याखाली बेल्ट दोन रोलरांच्या मधे अधांतरी होता, भाराने कमी-जास्त झोळ पडत होता, आणि खाली पत्र्याचा कीस साचला की उचलला जात होता. चकत्या जागच्या जागी आणि पट्टी मात्र एक मिमी वर, असं होऊ शकतं. म्हणून बेल्टखाली सपाट पोलादी पाट बसवला. त्याशिवाय प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला एक मास्टर पट्टी सोडायची असं ठरलं, डावीकडून, मधून आणि उजवीकडून. ती टूलरूममध्ये मोजून तिच्यावर माप कोरलेलं आहे. तिन्ही आकडे कोरलेल्या मापाच्या ०.१ मिमीच्या आत आले तरच लाइन सुरू. चिन्ह कॅमेऱ्यावर लक्ष ठेवतं आणि मास्टर पट्टी उजेड, बेल्ट, सॉफ्टवेअर या सगळ्या साखळीवर. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

दोन टेकड्या

सगळं बसल्यावर आम्ही एका लॉटचे पाचशे आकडे आलेखावर मांडले. एकाच डायमधून निघालेल्या पट्ट्या, एकच टेकडी दिसायला हवी होती. दोन दिसल्या, एकमेकींपासून पाव मिलिमीटरवर.

काकांनी दोन्ही टेकड्यांमधल्या दहा-दहा पट्ट्या बाजूला काढल्या आणि व्हर्नियरने मोजल्या. सगळ्या सारख्याच. मग त्यांनी एक पट्टी हातात उलटी-सुलटी केली, अंगठा कडेवरून फिरवला आणि म्हणाले, "ही बाजू गोल आहे."

डायमध्ये पत्रा कापताना एका बाजूची कड आत खेचली जाऊन किंचित गोल होते आणि दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे धातूची तीक्ष्ण धार, निघते. व्हर्नियरचे जबडे भिंतीच्या सगळ्यात बाहेरच्या भागाला टेकतात, त्यामुळे त्याला ती गोलाई कळत नाही. कॅमेऱ्याला मात्र वरचाच पृष्ठभाग दिसतो. गोल बाजू वर असेल तर गोलाईवरचा उजेड दुसरीकडे परततो, कड काळी पडते आणि सॉफ्टवेअर सपाट भाग संपतो तिथेच थांबतं. दोन्ही टोकं मिळून पाव मिमी कमी. प्रेसमधून पट्ट्या च्यूटवरून घसरत बेल्टवर पडतात, कुठली बाजू वर येईल याला काही नेम नाही.

इथे सॉफ्टवेअरमध्ये काही करायची मला इच्छा झाली नाही. आधी विचारायला हवं होतं की ड्रॉइंगला कुठली लांबी हवी आहे. पट्टी एका खाचेत बसते, म्हणजे तिची सगळ्यात बाहेरची मर्यादा महत्त्वाची. ग्राहकाकडून तसंच उत्तर आलं. मग च्यूटच्या शेवटी पट्टी पलटणारं एक वळण देऊन गोल बाजू नेहमी खाली येईल अशी सोय केली, आणि टेकडी एकच राहिली.

त्यानंतर दहा पट्ट्या, तीन शिफ्टमधल्या तीन ऑपरेटर, प्रत्येकीने तीन वेळा, अशी मोजमाप यंत्रणेची नेहमीची चाचणी केली. मुभेच्या पट्ट्यातला मोजमापाचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर यंत्रणा चांगली मानतात आणि ३० टक्क्यांच्या वर असेल तर नापास. आमचा आकडा मधल्या भागात आला. म्हणून कॅमेऱ्याला पूर्ण ०.४ ची मुभा दिलेली नाही. ०.३ च्या आत असेल तर पास, ०.५ च्या बाहेर असेल तर नापास, आणि मधल्या पट्ट्या पिवळ्या क्रेटमध्ये पडतात. त्या काका व्हर्नियरने मोजतात.

दहा मिमीच्या भागाला पलटणारं वळण अजून बसलेलं नाही. त्याचा च्यूट वेगळा आहे आणि जड भाग त्या वळणात अडकतो. तोवर ऑपरेटर ताई गोल बाजू वर आलेला प्रत्येक भाग हाताने उलटा करतात. काही हातून निसटतात, आणि त्या दिवशी पिवळ्या क्रेटमध्ये दहा मिमीचे भाग जास्त निघतात.